रात्री दोन वाजता सापडतील असे कागद

बहुतेक घरांत कागद ज्यांच्याकडून आले त्यांच्या नावानं लावलेले असतात. बँकेची एक फाइल, एलआयसीची एक, घराच्या कागदांची एक आणि दवाखान्याच्या रिपोर्टांची फुगलेली एक पिशवी. रोजच्या कामाला एवढं पुरतं, कारण ज्यानं कागद लावले तोच ते शोधत असतो. पण आणीबाणीच्या वेळी तोच माणूस स्ट्रेचरवर असू शकतो आणि शोधायचं काम अशा कुणावर तरी येतं, ज्यानं ते कपाट कधी उघडलेलंच नाही. म्हणून घरातले कागद या दुसऱ्या माणसाच्या नजरेनं लावायला हवेत, आणि कोणता कागद कधी मागितला जातो त्या क्रमानं.

हा क्रम समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. सांगलीत राहणारं निवृत्त जोडपं. काका ६८ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. काकू ६३ वर्षांच्या. मुलगा पुण्यात, मुलगी नागपूरला. काकांना बरीच वर्षं रक्तदाब आहे, २०२१ मध्ये हृदयात स्टेंट बसवला आहे. बँक, विमा, पेन्शन, घरपट्टी सगळं काकाच बघतात. एका रात्री दोन वाजता त्यांचं तोंड वाकडं होतं, उजवा हात उचलेनासा होतो, जीभ जड पडते. शेजारचा मुलगा गाडी काढतो.

दवाखान्यात पहिला प्रश्न विम्याचा नसतो. अर्धांगाचा झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे डॉक्टर आधी विचारतात, शेवटचे नीट कधी होते? आणि लगेच पुढे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, कोणती, शेवटची कधी घेतली? काही गोळ्या चालू असतील तर ते इंजेक्शन देणं धोक्याचं ठरतं. काकू सांगतात, सकाळी एक पांढरी आणि रात्री एक बारीक गुलाबी. तेवढ्यावर डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही.

तेव्हा घरातला सगळ्यांत तातडीचा कागद कुठलंही सरकारी कार्यालय देत नाही, तो आपणच लिहायचा असतो. प्रत्येक माणसामागे एक पान. वर आधारवर आहे तसंच पूर्ण नाव आणि जन्मतारीख. खाली आजार, प्रत्येकापुढे तो कोणत्या साली निघाला ते. मग चालू गोळ्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलेलं कंपनीचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात असलेलं औषधाचं नाव, दोन्ही लिहावीत, सोबत मिलिग्रॅम आणि वेळ. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, कोणती शस्त्रक्रिया झाली, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर काय, हे त्यानंतर. स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर बसवताना मिळालेल्या कार्डाची झेरॉक्स याच पानाला जोडावी, कारण एमआरआय करण्याआधी शरीरात काय बसवलं आहे हे विचारतातच. रक्तगटासाठी मात्र जीव टांगणीला लावायचं कारण नाही. रक्त देण्याआधी रुग्णालय तो स्वतः तपासतं.

पानाच्या खाली तारीख घालावी. तारीख नसलेल्या औषधांच्या यादीवर डॉक्टर विसंबत नाहीत आणि ते बरोबरच आहे. गोळी बदलली की पान नव्यानं लिहायचं आणि जुनं फाडायचं. दोन पानं घरात राहिली तर घाईत नेमकं जुनं हाती येतं. हे पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवावं आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवावा. फोनच्या कुलूपबंद पडद्यावरही आपत्कालीन माहिती दाखवण्याची सोय असते. आजार, औषधं आणि कुणाला फोन करायचा एवढं तिथे भरून ठेवलं, तर रस्त्यात पडलेल्या माणसाची माहिती अनोळखी माणसालाही मिळते.

इलाज सुरू झाला की मग भरतीच्या खिडकीवर कागद मागितले जातात. कॅशलेससाठी विमा कंपनीचं किंवा टीपीएचं ई-कार्ड, पॉलिसी क्रमांक, रुग्णाचं आधार आणि पॅन. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार व्हायचे असतील तर रेशनकार्ड आणि ओळखपत्र, आणि त्या रुग्णालयात बसलेले आरोग्यमित्र. रुग्णालयानं मंजुरीची विनंती पाठवल्यावर विमा कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि सुटीच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकानं २०२४ मध्ये ठरवून दिलं आहे. पण हा तास मोजायला सुरुवात होते ती रुग्णालयाकडून पूर्ण विनंती गेल्यावर. आधारची झेरॉक्स मिळेपर्यंत गेलेला वेळ त्यात धरला जात नाही.

या टप्प्यावर एक बारकावा आहे, त्यापायी पुष्कळ दावे रखडतात. मंजुरीच्या अर्जात रक्तदाब किंवा मधुमेह किती वर्षांपासून आहे ते लिहावं लागतं. घाबरलेल्या नातेवाइकांपैकी एक जण सांगतो पाच वर्षं, दुसरा म्हणतो पंधरा. कंपनी हा आकडा पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेशी ताडून बघते आणि आजार लपवला होता का असं विचारते. उत्तर दोन कागदांत असतं. एक, आजार पहिल्यांदा निघाला तेव्हाची डॉक्टरांची चिठ्ठी. दुसरा, पॉलिसी पहिल्या वर्षी घेतली तेव्हाचा कागद आणि त्यानंतरच्या प्रत्येक नूतनीकरणाचं पान. आता सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. म्हणजे पाच वर्षं सलग असल्याचा पुरावा हातात पाहिजे. मधे कंपनी बदलली असेल तर हा पुरावा आणखी महत्त्वाचा. पुष्कळ जण नवी पॉलिसी आली की जुनी रद्दीत टाकतात. जुनी पानं टाकू नयेत, एवढं मी आग्रहानं सांगेन.

आतापर्यंत जे लागलं ते सगळं एका पाकिटात मावतं. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं, बटण असलेलं लाल पारदर्शक पाकीट घ्यावं. त्यात दोघांची औषधांची पानं, ई-कार्ड, चालू पॉलिसीचं पहिलं पान, आधार, पॅन आणि रेशनकार्डाच्या प्रत्येकी तीन झेरॉक्स, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, अलीकडचा ईसीजी. मूळ कागद यात एकही नको, कारण हे पाकीट धावपळीत गाडीत, बाकावर, कुणाच्याही हातात जाणार आहे. विम्याची जुनी पानं आणि आजाराची पहिली चिठ्ठी दुसऱ्या, जाड फाइलीत. ती सकाळी आणली तरी चालते.

मूळ कागदांची जागा वेगळी. तिथे कागदांची वर्गवारी करताना मी एकच प्रश्न विचारते, हा हरवला तर पुन्हा किती सहज मिळेल? डिजिटल सही असलेला सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. आधार, पॅन, गाडीचं आरसी बुक यांच्या प्रतीही मिळतात. यांच्यासाठी जिवाचं रान करायला नको. नोंदणी झालेल्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते, पण मूळ खत गेलं तर घर विकताना किंवा कर्ज काढताना पोलिसांतली तक्रार, वर्तमानपत्रातली जाहिरात असं सगळं मागे लागतं. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्युपत्र, जुन्या मुदतठेवींच्या पावत्या, कर्ज फिटल्यावर बँकेनं दिलेलं पत्र यांचीही गत तीच. हे थोडे कागद खरे जपायचे.

सांगली, कोल्हापूरनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि चिपळूणनं २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आहे. तिथली पुष्कळ घरं आता मूळ कागद वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवतात. चेनच्या जाड प्लास्टिक पिशवीत घालून पिशवी झाकणाच्या डब्यात ठेवली तर चांगलं. कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन मात्र करू नये. लॅमिनेशन केलेल्या कागदावर नंतर शिक्का किंवा नोंद घालता येत नाही, आणि काही कार्यालयं असा कागद मूळ म्हणून घ्यायला कुरकुर करतात. बिलाच्या आणि एटीएमच्या गुळगुळीत पावत्या तर लॅमिनेशनच्या उष्णतेनं काळ्या पडतात. त्यांची शाई तशीही काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढून मूळ पावतीला टाचून ठेवावी. कागद भिजलेच तर ओले असताना एकमेकांपासून ओढून सोडवू नयेत. पानांमध्ये कोरा, शाई नसलेला कागद घालत सावलीत, पंख्याखाली वाळवावेत.

बँकेचा लॉकर सुरक्षित खरा, पण तो रात्री, रविवारी आणि बँकेच्या सुट्टीला उघडत नाही. एकट्याच्या नावावरचा लॉकर त्या माणसाच्या मृत्यूनंतर लगेच उघडता येत नाही, आधी नॉमिनीला किंवा वारसांना बँकेची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. मृत्युपत्र अशा लॉकरमध्ये ठेवलं तर वारस कोण हे सांगणारा कागदच वारस ठरेपर्यंत आत अडकून बसतो. आरोग्य विमा आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये नको. दागिने आणि खरेदीखत ठेवायला हरकत नाही.

आता फोनातले कागद. पुण्याचा मुलगा रात्री अडीचला गाडीत आहे आणि रुग्णालय त्याच्याकडे पॉलिसी मागतं आहे. काकांनी ती मागच्या वर्षी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. मुलगा शोधतो तेव्हा वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुविचार आणि लग्नाचे फोटो पार करत ती सापडते, पण फाइल उघडत नाही, कारण त्यानं ती वेळेवर उतरवून घेतली नव्हती. कागद पाठवायला व्हॉट्सॲप चांगलं आहे, साठवायला नाही.

डिजिलॉकर २०१५ पासून आहे. त्यात दोन तऱ्हेचे कागद असतात, हे लक्षात घ्यायला हवं. शासकीय खात्याकडून थेट आलेला कागद, म्हणजे तिथे ‘Issued’ खाली दिसणारा, कायद्यानं मूळ कागदाइतकाच धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र फोटोच राहतो. ड्रायव्हिंग लायसन्स, आरसी, पॅन पहिल्या तऱ्हेनं घ्यावेत. पण डिजिलॉकर प्रत्येक माणसाचं वेगळं असतं आणि त्यात शिरताना ओटीपी त्याच माणसाच्या नंबरवर जातो. काका अतिदक्षता विभागात, त्यांचा फोन काकूंच्या पर्समध्ये आणि त्याचं कुलूप कुणाला ठाऊक नाही, अशा वेळी त्यांचं डिजिलॉकर असून नसल्यासारखं. शिवाय अनेक ज्येष्ठांच्या आधारला मुलाचा जुना, आता बंद पडलेला नंबर जोडलेला असतो. तो कोणता आहे हे आजच पाहून घ्यावं. बदलायचा असेल तर त्या माणसाची स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हे काम अवघड होतं.

म्हणून डिजिलॉकरमधले आणि ईमेलवर आलेले कागद उतरवून एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवावेत, ज्याला घरातल्या तिघांना तरी प्रवेश आहे. गूगल ड्राइव्ह किंवा तशीच कोणतीही सेवा चालेल, फक्त ज्या खात्यात हे फोल्डर आहे त्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी. रुग्णालयाच्या तळघरात बहुधा नेटवर्क नसतं. तेव्हा लाल पाकिटातल्या कागदांच्या फाइली प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘ऑफलाइन’ करून ठेवाव्यात.

फाइलचं नाव माणसापासून सुरू करावं, कारण शोधणाऱ्याला माणूस नक्की ठाऊक असतो, कंपनीचं नाव असेलच असं नाही. उदाहरणार्थ:

```
BABA_AROGYAVIMA_2025-26.pdf
BABA_AADHAAR.pdf
AAI_OUSHADHE_2025-11-04.pdf
```

तारीख वर्ष, महिना, दिवस अशी लिहिली की नवी फाइल आपोआप शेवटी येते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. उतरवलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो. ई-आधार उघडायला नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्मवर्ष, ई-पॅनला जन्मतारखेचे आठ आकडे. विमा कंपन्यांचे आणि बँकांचे नियम आणखी वेगळे. फाइल फोल्डरमध्ये आहे म्हणून घर निर्धास्त असतं आणि गरजेच्या वेळी ती उघडत नाही. फोल्डरमध्ये टाकण्याआधी पीडीएफ एकदा उघडून, ‘प्रिंट’मधून नव्यानं पीडीएफ म्हणून जतन केली की सहसा पासवर्ड निघून जातो. तसं झालं नाही तर पासवर्डचा नियम घरच्या वहीत लिहावा. फोनच्या कुलपाचा आकडा बंद पाकिटात घरी ठेवावा. बँकेचा पासवर्ड, यूपीआय पिन आणि कार्डाचा पिन मात्र कुठेही लिहू नये. घरच्यांना खातं कुठे आहे एवढं माहीत असलं की पुरतं.

आता अप्रिय पण आवश्यक भाग. समजा काका या आजारातून उठले नाहीत. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे होते, राहत्या गावी नाही, आणि २१ दिवसांत केली तर विनाशुल्क. मृत्यू रुग्णालयात झाला तर माहिती रुग्णालय पाठवतं, पण नावाचा फॉर्म घरचंच कुणीतरी भरतं, आणि तो भरताना त्याचं लक्ष थाऱ्यावर नसतं. तिथे नाव चुकलं की पुढचा प्रत्येक कागद अडतो.

आपल्याकडे ही अडचण जास्त गंभीर आहे, कारण आपलं नाव तीन भागांचं. काकांचं नाव शाळेच्या दाखल्यावर एका स्पेलिंगनं, बँकेत मधलं नाव फक्त आद्याक्षरानं, सातबाऱ्यावर वडिलांच्या नावासकट आणि पॅनवर आडनाव आधी. काकूंचं याहून कठीण. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, एका जुन्या मुदतठेवीवर लग्नात ठेवलेलं नाव. बँक आणि पेन्शन कार्यालय विचारतं, ही सगळी माणसं एकच कशावरून? मग प्रतिज्ञापत्रं, राजपत्रातली नोंद, खेपा.

हे माणूस हयात असताना शोधणं सोपं आहे. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर सगळे कागद मांडावेत. एकानं प्रत्येक कागदावरचं नाव जसंच्या तसं वाचावं, दुसऱ्यानं वहीत उतरवावं, स्पेलिंगसकट. दोनअडीच तासांत वेगळेपण दिसून येतं. मग आधार आणि पॅन आधी सारखे करावेत, त्यानंतर बँक, मग विमा. बहुतेक दुरुस्त्या त्या माणसाच्या स्वतःच्या अर्जानं आणि सहीनं होतात. लग्नाची नोंद केली नसेल तर तीही आता करून घ्यावी, कारण काकूंची दोन नावं जोडणारा सर्वांत भक्कम कागद तोच. काकांच्या पेन्शनच्या पीपीओवर काकूंचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का, तेही पाहावं. कुटुंब निवृत्तिवेतन त्यावर अवलंबून आहे.

खात्यांची यादी करायला आठवणीवर भिस्त ठेवू नये. पासबुकाचं सलग एक वर्ष वाचावं, ओळ न् ओळ. वर्षातून एकदाच जाणारा हप्ता म्हणजे विमा. लॉकरचं भाडं कापलेलं दिसलं की लॉकर कोणत्या शाखेत आहे ते कळतं. दरमहा ठरावीक तारखेला जाणारी रक्कम बहुधा म्युच्युअल फंडाची. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये गेले असतील तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा चालू आहे, २० रुपये गेले असतील तर सुरक्षा विमा. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण असतं, पहिला कोणत्याही मृत्यूसाठी आणि दुसरा अपघातासाठी. तरुण मुलगा गेल्यावर वर्षभरानं कुणीतरी ही ओळ पाहतं, अशी घरं आहेत. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण उतरवलं तर विसरलेल्या ठेवींवरचं व्याजही त्यात दिसतं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल २०२३ पासून आहे. प्रत्येक खात्यापुढे नॉमिनी कोण ते लिहावं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, त्यामुळे जिथे जागा रिकामी आहे किंवा दिवंगत माणसाचं नाव आहे तिथे आता सबब उरत नाही.

मृत्यूनंतर घाईनं एक गोष्ट करू नये, गेलेल्या माणसाचं सिमकार्ड बंद करू नये. विम्याचे, पेन्शनचे, गॅसचे संदेश त्याच नंबरवर येत राहतात आणि कोणत्या संस्थेशी व्यवहार होता ते त्यातूनच कळतं. लहानसा रिचार्ज करत ते काही महिने चालू ठेवावं. मात्र त्या फोनवरून यूपीआयनं किंवा त्यांच्या कार्डानं पैसे काढू नयेत. खर्चाची कितीही निकड असली तरी मृत्यूनंतरचा तो व्यवहार बेकायदा ठरतो आणि वारसांत वाद लावतो.

सगळी मांडणी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी, आणि ती ज्यानं कागद लावले त्यानं देऊ नये. काकांनी खुर्चीवर बसून राहायचं, काही बोलायचं नाही. काकूंनी लाल पाकीट आणायचं आणि त्यातून ई-कार्ड काढून दाखवायचं. नागपूरच्या मुलीनं फोनचा डेटा बंद करून बाबांची पॉलिसी उघडायची. जे पाच मिनिटांत झालं नाही तिथे दुरुस्ती करायची. पुन्हा ही परीक्षा घेण्यासाठी वर्षाचा वेगळा दिवस शोधायला नको. आरोग्य विम्याचं नूतनीकरण झालं की पॉलिसीच्या तारखा बदलतात, कधी क्रमांकही, पाकिटातलं पान जुनं होतं आणि ते बदलायला कपाट उघडावंच लागतं. त्याच दिवशी औषधांचं पानही नव्यानं लिहून खाली तारीख घालावी.